खुर्ची फुकट, मदत मोजून

डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्थानकावर परदेशातून आलेल्या एका भारतीय कुटुंबाने व्हीलचेअर आणि सामानाच्या मदतीसाठी एका हमालाला दहा हजार रुपये दिले. कुटुंबातल्या मुलीने पुढे तक्रार केली. रेल्वेने चौकशी करून त्या हमालाचा बिल्ला आणि परवाना काढून घेतला आणि नऊ हजार रुपये कुटुंबाला परत मिळवून दिले. ही बातमी वाचून पुष्कळांनी हमालांना नावं ठेवली. मला मात्र वेगळीच गोष्ट खटकली. दहा हजार कशाचे होते, हे त्या कुटुंबाला देताना कळत नव्हतं. खुर्चीचे, ढकलण्याचे, सामानाचे की थांबण्याचे?

म्हाताऱ्या माणसाला गाडीपर्यंत नेताना आपण एकच आकडा विचारतो, "किती घेणार?" तिथेच फसगत होते. या कामात चार वेगळ्या गोष्टी असतात: खुर्ची, ती ढकलणारा माणूस, डोक्यावरचं ओझं आणि बॅटरीची गाडी. प्रत्येकीचा हिशेब निराळा आहे. तो एकदा समजला की घासाघीस करावी लागत नाही.

पहिली गोष्ट खुर्ची. स्थानकावरची व्हीलचेअर रेल्वेची असते आणि ती फुकट मिळते. ती उपस्थानक अधीक्षकांच्या किंवा स्थानक व्यवस्थापकांच्या कार्यालयातून घ्यायची असते. तिकीट दाखवावं लागतं, आणि खुर्ची परत येईपर्यंत बऱ्याच ठिकाणी एखादं ओळखपत्र ठेवून घेतात. घरचं धडधाकट माणूस बरोबर असेल आणि तेच खुर्ची ढकलणार असेल, तर एक रुपयाही लागत नाही. म्हणून "खुर्चीचं भाडं" असा शब्द कानावर आला की तिथेच थांबावं. असं भाडं नसतं.

दुसरी गोष्ट ढकलणारा. घरचं कोणी नसेल तर हमाल खुर्ची ढकलतो आणि त्याचे पैसे घेतो. ते त्याच्या श्रमाचे असतात आणि त्याचा दर ठरलेला असतो. लाल सदरा आणि दंडावर क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला, ही परवानाधारक हमालाची खूण. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांना 'सहायक' असं नाव देण्याची घोषणा झाली, पण फलाटावर अजून हमाल आणि कुली हेच शब्द चालतात. त्यांना रेल्वेचा पगार नसतो. दिवसभरात जितकी ओझी उचलली तितकीच कमाई. म्हणून फलकावर लिहिलेल्या दरात दहा-वीस रुपये कमी करायला लावणं मला बरं वाटत नाही. जे लिहिलं आहे ते पूर्ण द्यावं, आणि जे लिहिलेलं नाही ते देऊ नये.

तिसरी गोष्ट ओझं. हमालीचे दर रेल्वेचा विभाग ठरवतो आणि ते स्थानकाच्या श्रेणीप्रमाणे बदलतात. मोठ्या स्थानकावर जास्त, लहान स्थानकावर कमी. मुंबईचा दर ऐकून नागपुरात वाद घालू नये, आणि मागच्या वर्षीचा आकडा लक्षात ठेवूनही घालू नये. प्रवेशाजवळ किंवा फलाटावर दरफलक असतो, तोच वाचावा. त्याची रचना बहुतेक सगळीकडे सारखी असते. डोक्यावरून नेण्याचं ओझं ४० किलोपर्यंत, एका फेरीला अमुक रुपये. हातगाडीवरच्या मोठ्या ओझ्याचा दर वेगळा. खुर्चीवरच्या माणसाला नेण्याचा वेगळा, स्ट्रेचरचा वेगळा. शेवटी थांबण्याचा आकार असतो. गाडीला उशीर झाला तर साधारण पहिला अर्धा तास सोडून पुढे तो लागू होतो.

या फलकातली कळीची गोष्ट अशी, की दर वजनावर आहे, नगावर नाही. फसवाफसवी बहुतेक वेळा इथेच होते. "चार नग आहेत, चारपट होतील" असं कोणी म्हणालं तर चारही नग मिळून किती किलो होतात एवढंच पाहायचं. त्यासाठी घरीच वजन करून घ्यावं. आधी आपण काट्यावर उभं राहावं, मग बॅग हातात घेऊन उभं राहावं, आणि वजाबाकी करावी.

आता एक प्रवास धरून हिशेब करू. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखणारी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून विदर्भ एक्सप्रेसने तिला नागपूरला भावाकडे जायचं आहे. दोन मोठ्या बॅगा प्रत्येकी १८ किलोच्या आणि एक पिशवी ७ किलोची, मिळून ४३ किलो. समजा फलकावर ४० किलोच्या फेरीला शंभर रुपये लिहिले आहेत. तीन किलो जास्त झाल्यामुळे दुसऱ्या फेरीचा वाद निघू शकतो. पिशवी आपण हातात घेतली की हमालाकडे ३६ किलो राहतात, म्हणजे एक फेरी, शंभर रुपये. आईची खुर्ची मुलगाच ढकलणार असेल तर त्यात काही मिळवायचं नाही. हमालाने ढकलायची असेल तर फलकावरचा खुर्चीचा दर वेगळा मिळवायचा. हे सगळं सामान उचलण्याआधी बोलून घ्यावं: "दादा, दोन बॅगा छत्तीस किलोच्या, बी-दोन डब्यापर्यंत, सीटखाली ठेवून द्यायच्या. फलकाप्रमाणे शंभर. बरोबर?" डब्याचं नाव आणि "सीटखाली" हे दोन शब्द आधीच बोलावेत. नाहीतर डब्याच्या दारात ओझं उतरवून आत नेण्याचे वेगळे पैसे मागितले जातात. बोलणं झालं की बिल्ल्याचा क्रमांक लिहून घ्यावा. तो विचारल्यावर सरळ माणूस रागावत नाही.

चौथी गोष्ट बॅटरीची गाडी. तिची गरज किती, हे अंतरावरून कळतं. नव्या बनावटीचा एक डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. बावीस डब्यांची गाडी म्हणजे अर्धा किलोमीटरहून अधिक चाल. आपला डबा कुठे लागणार हे रेल्वेच्या एनटीईएस अ‍ॅपवर डब्यांच्या क्रमात आधी पाहता येतं. तो प्रवेशाजवळ असेल तर खुर्ची पुरते, पार टोकाला असेल तर बॅटरी गाडी हवी.

ही गाडी पायऱ्या चढत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस इथे रूळ संपतात, सगळे फलाट एका बाजूने जोडलेले आहेत, त्यामुळे पूल न चढता कोणत्याही फलाटावर जाता येतं. नागपूर, पुणे, कल्याण ही मधली स्थानकं. तिथे फलाट बदलायचा तर बहुधा पूल, लिफ्ट किंवा उतार लागतो, आणि बॅटरी गाडी फार तर लिफ्टपर्यंत आणून सोडते. म्हणून नागपूरला उतरणाऱ्या आईसाठी आधी विचारायचा प्रश्न असा: "गाडी फलाट बदलून बाहेरपर्यंत नेईल, की लिफ्टपाशी सोडेल?" लिफ्टपाशी सोडणार असेल तर भावाने खुर्ची घेऊन तिथे उभं राहावं. खुर्ची सरकत्या जिन्यावर मात्र कधीही चढवू नये.

या गाडीत ज्येष्ठ, दिव्यांग, आजारी आणि गरोदर प्रवाशांना प्राधान्य असतं. काही स्थानकांवर ती फुकट आहे, काही ठिकाणी ठेकेदार चालवतो आणि माणशी आकार घेतो. पैसे घेत असतील तर दर गाडीवर लिहिलेला असायला हवा आणि पावती मिळायला हवी. गाडीत हातातलं लहान सामान चालतं. मोठ्या बॅगा टाकून दिल्या की चालक जास्तीचे पैसे मागतो, आणि दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाची जागाही जाते. बॅगा हमालाकडे द्याव्यात आणि आईला गाडीत बसवावं.

आधी बुकिंग करायचं तर दोन वाटा आहेत. आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर तिकिटाचा पीएनआर देऊन ज्येष्ठ आणि दिव्यांग प्रवाशांसाठी बॅटरी गाडी किंवा खुर्ची मागता येते. दुसरी वाट १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक. खुर्ची आणि हमाल अशी जोड मदत देणारी 'यात्री मित्र' सेवा याच क्रमांकावर मागायची असते. मात्र दोन्ही सेवा ठरावीक स्थानकांवरच आहेत आणि गाड्या मोजक्या असतात. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी निघण्याच्या आणि उतरण्याच्या, दोन्ही स्थानकांसाठी वेगवेगळं विचारावं. मुंबईत नोंद झाली म्हणजे नागपुरात झाली असं नसतं. नोंद असली तरी सुटण्याच्या तासभर आधी पोहोचावं. ऐन वेळी सगळ्यांना एकच गाडी हवी असते.

नागपुरातल्या भावाने दहा रुपयांचं फलाट तिकीट काढावं. ते दोन तास चालतं. गाडी येण्याच्या अर्धा तास आधी कार्यालयातून खुर्ची घेऊन बी-दोन डबा जिथे लागतो तिथे थांबावं. दिवाळीच्या गर्दीत मोठ्या स्थानकांवर फलाट तिकिटं बंद करतात, पण वृद्ध आणि आजारी प्रवाशांना पोहोचवायला येणाऱ्यांना सवलत देतात. त्यासाठी आईच्या तिकिटाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा.

काही मागण्यांना सरळ नाही म्हणावं. खुर्चीचं भाडं, नगामागे पैसे, पावतीशिवाय बॅटरी गाडीचा आकार, अनारक्षित डब्यात जागा धरून देण्याचे पैसे, आणि बिल्ला नसलेल्या साध्या कपड्यातल्या माणसाची मदत. तो बॅग उचलून गर्दीत चालू लागला तर तक्रार कोणाविरुद्ध करणार? पैसे जास्त घेतलेच, तर तिथे भांडत बसू नये. आईला गाडीत बसवावं आणि १३९ वर किंवा रेलमदतवर बिल्ल्याचा क्रमांक, फलाट, वेळ आणि रक्कम कळवावी. ऑनलाइन पैसे दिले असतील तर त्याची नोंदही जोडावी.

निजामुद्दीनच्या त्या कुटुंबाला नऊ हजार परत मिळाले ते तक्रार केली म्हणून. पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन फलाटावर उभं असताना तक्रारीपेक्षा सामान उचलण्याआधी विचारलेला एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो: "दादा, हे पैसे कशाचे?" उत्तर ओझं, ढकलणं किंवा थांबणं असेल आणि ते फलकाशी जुळत असेल, तर हातात पूर्ण रक्कम ठेवावी आणि त्याला पाणीही विचारावं.