बिलातला सिंकिंग फंड म्हणजे काय?

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर वर्षाला किमान 0.25 टक्के असतो. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. बांधकाम खर्च 12 लाख असेल, तर वर्षाला 3,000, म्हणजे महिन्याला 250 रुपये.

हा पैसा इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी किंवा आर्किटेक्टने लेखी सांगितलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी. रंगकाम, पंपदुरुस्ती यांसाठी वेगळा दुरुस्ती निधी असतो. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधकांची पूर्वपरवानगी लागते. ताळेबंदात तो स्वतंत्र दिसतो का, तेवढ्या रकमेच्या ठेवी आहेत का, हे जरूर तपासा.