‘लाडक्या परिवारा’स सोडून

यवतमाळहून वणीकडे जाताना मारेगाव लागते. तिथे माझा भाचा राहतो. घरची कपाशी आहे, आणि तिच्याविषयी तो मोबाइलवर चित्रफिती काढून यूट्यूबवर घालतो. दिवाळीपूर्वी मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात होती. घरातली सगळी माणसे वावरात, आणि हे चिरंजीव मात्र ओसरीवर डोके धरून बसलेले!

“मामा, एवढं वाचून पहा बरं,” म्हणत त्याने फोन पुढे केला. प्रेक्षकांसाठी दिवाळीचा आभारसंदेश होता तो: ‘माझ्या लाडक्या परिवाराला दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. तुमच्या प्रेमामुळेच मी आज इथे आहे. असेच प्रेम राहू द्या. लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा.’

मी म्हणालो, “अरे, यातला ‘सबस्क्राइब’ काढला, तर एखादा साडीवाला हेच पत्रक छापील. आणि परिवार म्हणशील, तर तुझा परिवार तिकडे कापूस वेचतो आहे!”

तो हसला, पण मनातून खट्टू झाला. “मग हजारो लोकांना एकेकटं कसं लिहू?”

त्याची अडचण खरी होती. पण हजारांचे आभार मानायचे, तर हजारांना उद्देशून लिहूच नये. दोघांनी काय केले ते नेमके सांगावे. बाकीचे त्यात आपापली जागा शोधतात. म्हणून मी त्याला विचारले, “या वर्षी कुणाच्या सांगण्यावरून तू तुझं काही बदललंस का?”

बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “एक आहे, पण ते सांगायची लाज वाटते.”

गोष्ट अशी होती. गुलाबी बोंडअळीचे पतंग किती आहेत हे कळावे, म्हणून कपाशीत कामगंध सापळे लावतात. २०१७ साली या अळीने यवतमाळ जिल्ह्याची कपाशी पोखरून काढली, तेव्हापासून तिचे नाव काढले तरी शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. ह्याने पावसाळ्यातल्या एका चित्रफितीत सांगून टाकले, की सापळ्यात एका रात्री आठ पतंग दिसले की फवारणी करा. खाली एका शेतकऱ्याने लिहिले, ‘दादा, एका रात्रीचे नाही. प्रत्येक सापळ्यात आठ, आणि तेही सलग तीन रात्री.’ शिफारस तशीच आहे. ह्याची चूक तशीच राहिली असती, तर कित्येकांच्या घरचे पैसे नको त्या फवारणीत गेले असते.

“आणि दुसरं?”

“एका बाईंनी लिहिलं होतं, ‘मागचं संगीत बंद करा, बोलणं ऐकू येत नाही.’ तेव्हापासून बंदच केलं.”

मग आम्ही दोघांनी बसून नवा मजकूर लिहिला: ‘पावसाळ्यात मी सापळ्यातल्या पतंगांचा हिशेब चुकीचा सांगितला होता. आठ पतंग सलग तीन रात्री दिसायला हवेत, हे तुमच्यापैकी एका शेतकऱ्याने दाखवून दिले. त्यांचे आभार. संगीत बंद करा म्हणणाऱ्या ताईंचेही आभार. आता माझी आईसुद्धा म्हणते, तुझे बोलणे समजते. आमच्याकडे वेचणी चालू आहे. तुमच्या घरी दिवाळी सुखाची जावो.’

“आणि लाइकचं?” त्याने हळूच विचारले.

“ते आज नको. आभार मानून लगेच हात पुढे केला, की आभाराची पावती होते.” ही नुसती म्हाताऱ्याची खोड नव्हे. लाइक आणि शेअर मागून वर चढू पाहणाऱ्या मजकुराला आपण मागे ढकलू, असे फेसबुकनेच २०१७ च्या डिसेंबरात जाहीर केले होते. मागणे असेलच, तर ते वेगळ्या दिवशी उघडपणे मागावे.

एक खबरदारी मात्र घेतली. त्या शेतकऱ्याचे नाव-गाव घातले नाही. चित्रफितीखाली चारचौघांत लिहिलेले असले, तरी नाव घेण्यापूर्वी विचारावे. आणि कुणी खाजगीत कळवलेली कर्जाची किंवा आजारपणाची हकिगत असेल, तर आभाराच्या निमित्तानेही ती बाहेर काढू नये.

संदेश गेला. रात्री जेवताना त्याने उत्तरे वाचून दाखवली. गेल्या वर्षी नुसत्या हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली होती. यंदा उत्तरे मोजकीच होती, पण एकाने विचारले होते, ‘सापळे एकरी किती लावले?’ दुसऱ्याने कळवले होते, ‘आमची वेचणी उद्यापासून.’ संदेश माणसापर्यंत पोचला की नाही, हे असे कळते: उत्तर आपल्या मजकुराला येते.

आई वाढता वाढता म्हणाली, “माझं नाव घातलंस म्हणे त्यात. आता सकाळी वावरात ये.”

दुसऱ्या दिवशी तो वेचणीला गेला. फोन घरीच राहिला होता.