उशीजवळ लॅव्हेंडरचा एकच थेंब

अमेरिकेत झोपेची तक्रार असलेल्या ७९ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. झोपण्याच्या चांगल्या सवयी सगळ्यांनाच समजावून दिल्या होत्या. मात्र निम्म्यांनी पाच रात्री छातीवर लॅव्हेंडर तेलाची पट्टी लावली, तर उरलेल्यांनी कोरी. लॅव्हेंडरवाल्यांना झोप अधिक चांगली लागल्यासारखं वाटलं, सकाळी ताजंतवानंही वाटलं. पण मनगटावरच्या यंत्राने मोजलेले झोपेचे तास दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले.

लॅव्हेंडरकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच. रात्र थोडी सुखाची होते, लांब होत नाही. शिवाय सुगंध लपवता येत नसल्याने आपल्याला काय मिळालंय हे विद्यार्थ्यांना सहज ओळखता येणार. म्हणजे गुण तेलाचा किती आणि विश्वासाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

पट्टीवर तेल होतं साधारण एका थेंबाइतकं. घरीही तेवढंच पुरे. झोपण्याआधी सुती रुमालावर किंवा कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, फार तर दोन, टाकून तो हातभर अंतरावर ठेवावा. थेट उशीवर तेल टाकू नये, कारण तिथे गाल आणि डोळे टेकतात. वास पुसटसा यायला हवा. थोड्या वेळात तो येईनासा होतो, म्हणून लोक आणखी थेंब टाकत जातात आणि सकाळी डोकं जड घेऊन उठतात. वास उडालेला नसतो, नाकाला त्याची सवय झालेली असते. बाहेर जाऊन परत आलं की तो पुन्हा जाणवतो.

बाटली घेताना 'लॅव्हेंडुला अँगस्टिफोलिया' हे नाव पाहावं. जम्मूतल्या भदरवाहच्या शेतांत पिकतं ते हेच. 'लॅव्हेंडिन' हे स्वस्त संकरित तेल असतं, त्यात कापूर जास्त. 'फ्रेग्रन्स ऑइल' म्हणजे तर बहुधा नुसतं कृत्रिम अत्तर. तेलातला लिनालूल हा घटक हवेशी संयोग पावला की त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. म्हणून झाकण घट्ट लावून बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी आणि वास उग्र, टर्पेंटाइनसारखा झाला की ती टाकून द्यावी.

दम्याच्या रुग्णाने वासाने खोकला किंवा छातीत घरघर सुरू झाली, तर रुमाल लगेच खोलीबाहेर न्यावा. घरात मांजर असेल तर हा प्रयोग टाळलेलाच बरा, तिच्या यकृताला हे घटक नीट पचवता येत नाहीत. तान्ह्या बाळाच्या खोलीतही नको. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारण हे तेल पोटात जाणं धोक्याचं आहे.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप येत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल, किंवा मोठ्या घोरण्यात मध्येच श्वास अडकत असेल, तर रुमाल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.