चौकशी चालू, माणूस घरी

वडोदऱ्याहून आणंदकडे जाताना बाजवा स्टेशन लागतं. शेजारीच जीएसएफसीच्या खतकारखान्याचं फर्टिलायझरनगर, आणि पुढे रणोली, नंदेसरीपर्यंत रसायनांचे लहानमोठे कारखाने. या पट्ट्यात कुणावर चोरीचा किंवा हाणामारीचा आळ आला की चहाच्या टपरीपर्यंत बातमी दोनच शब्दांत पोचते, ‘सस्पेंड केला’. ऐकणारा पुढचं वाक्य मनातच पुरं करतो, ‘म्हणजे काहीतरी केलंच असणार’. कायद्याचं म्हणणं याच्या अगदी उलट आहे, पण कारखान्यात प्रत्यक्ष जे घडतं ते बऱ्याचदा टपरीवरच्या समजुतीसारखंच असतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कॉस्टिक सोड्याच्या पन्नास किलोच्या चाळीस गोण्या हिशेबात आहेत, पण जागेवर नाहीत. स्टोअरमधल्या कारकुनावर संशय आहे. त्याचा पगार महिना १८,००० रुपये. व्यवस्थापकाला वाटतं, चौकशी होईपर्यंत हा माणूस आत नको.

गैरसमज: आरोप गंभीर असला की निलंबन करायलाच हवं.

आरोप किती मोठा, यापेक्षा तो माणूस आत राहिला तर चौकशीचं नेमकं काय बिघडेल, हा प्रश्न आधी विचारायचा. बिघडण्यासारख्या गोष्टी ढोबळमानाने तीनच असतात. तो कागदपत्रांत फेरफार करू शकतो, साक्षीदारांवर दबाव आणू शकतो, किंवा त्याच्या तिथे असण्याने कुणाला धोका होऊ शकतो. यापैकी एकही भीती खरी नसेल तर त्याला घरी बसवण्याला कारण उरत नाही, मग आरोप कितीही मोठा असो.

आपल्या उदाहरणात पहिली भीती खरी आहे, कारण बिन कार्ड, माल आल्याची नोंद आणि साठ्याचं रजिस्टर त्याच कारकुनाच्या हातात आहे. म्हणून पत्र टाईप करण्याआधी करायचं काम वेगळं आहे. त्याच दिवशी रजिस्टरं ताब्यात घ्यायची, शेवटच्या पानावर त्याची आणि दुसऱ्या कुणाची सही घ्यायची, वजनकाट्याच्या पावत्या आणि गेटवरच्या गाडीनोंदींच्या प्रती काढायच्या, कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जाण्याआधी उतरवून घ्यायचं, संगणकावरचा त्याचा पासवर्ड बंद करायचा. साठ्याची मोजणी त्याच्यासमोर करायची. एवढं झालं की पुष्कळदा असं दिसतं, की आता तो बिघडवणार तरी काय? मग त्याला पॅकिंग विभागात किंवा ऑफिसमधल्या दुसऱ्या टेबलावर बसवलं तरी काम भागतं. हे सोडून आधी माणूस बाहेर काढायचा आणि रजिस्टरं आठवड्याने गोळा करायची, असं जिथे होतं तिथे निलंबनाचा हेतू चौकशी सांभाळण्याचा नव्हता हे सरळ दिसतं. कामगाराच्या वकिलाला तर ते हमखास दिसतं.

गैरसमज: घरी बसवलं म्हणजे पगार आपोआप अर्धा.

सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच आहे, म्हणून जरा थांबून पाहू. अर्धा पगार हा निलंबनाचा निसर्गनियम नाही. तो कुठून तरी मिळालेला अधिकार असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली दिल्लीच्या हॉटेल इम्पिरियलच्या खटल्यात आणि १९६७ च्या अखेरीस बलवंतराय रतिलाल पटेल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात हे स्पष्ट केलं. मालक कामगाराला काम करू नको म्हणू शकतो, पण पगार रोखण्याचा अधिकार करारात, कायद्यात किंवा नियमांत लिहिलेला नसेल तर पगार पूर्ण द्यावा लागतो.

मोठ्या कारखान्यांत हा अधिकार लिहिलेला असतो. औद्योगिक रोजगार स्थायी आदेश कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने दर ठरले. पहिले ९० दिवस ५० टक्के, आणि त्यानंतर, उशीर कामगाराच्या वागण्यामुळे झालेला नसेल तर, ७५ टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने हेच दर ठेवले आणि एक अट घातली, की चौकशी साधारणपणे निलंबनाच्या तारखेपासून ९० दिवसांत संपली पाहिजे. स्थायी आदेशांचं हे प्रकरण मात्र ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांना लागू आहे. बाजवा-नंदेसरी पट्ट्यात साठ-सत्तर माणसांचे कारखाने पुष्कळ. तिथे नेमणूकपत्र उघडून बघायचं. त्यात निलंबनकाळातल्या भत्त्याचं कलम नसेल तर मालकाने अर्धा पगार कशाच्या आधारावर कापला, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. अशा ठिकाणी सवेतन रजा हाच सरळ मार्ग. ती महाग वाटते खरी, पण तिच्यामुळे चौकशी लवकर उरकते, हा तिचा न बोलला जाणारा फायदा आहे.

ही सवेतन रजा कामगाराच्या साठलेल्या हक्काच्या रजेतून मात्र वळती करायची नाही. हक्काची रजा तो आपल्या गरजेसाठी मागतो. मालकाच्या सोयीसाठी ती संपवली तर त्याने न केलेल्या गुन्ह्याचा दंड आधीच भरला असं होतं.

भत्ता थोडाफार रोखून धरला तर काय बिघडलं, असाही एक सूर असतो. महाराष्ट्राच्या बाबतीत याचं उत्तर १९८३ मध्येच आलं. शिक्षा होऊन अपील चालू असलेल्या निलंबित सरकारी नोकराला महिना एक रुपया भत्ता देण्याची तरतूद मुंबई नागरी सेवा नियमांत होती. चंद्रभान तळे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जगण्यापुरतंही दिलं नाही तर माणूस स्वतःचा बचाव कसा करणार, हा त्यामागचा विचार. १९९९ च्या कॅप्टन पॉल अँथनी विरुद्ध भारत गोल्ड माइन्स या खटल्यात तर भत्ता न मिळाल्याने निलंबित कर्मचारी दूरच्या चौकशीला पोचू शकला नाही, म्हणून त्याच्या गैरहजेरीत झालेली चौकशीच टिकली नाही. भत्ता वाचवायला गेलेल्या मालकाला सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं ते असं.

गैरसमज: भत्ता हवा तर रोज गेटवर हजेरी लावावी लागते.

बऱ्याच ठिकाणी निलंबित माणसाला रोज सकाळी सुरक्षारक्षकाच्या वहीत सही करायला बोलावतात. आत जाणाऱ्या सगळ्या पाळीसमोर. त्याला पाहून कुणी बोलत नाही, तो सही करून परत जातो. चौकशीला याचा काडीचा उपयोग नाही, फक्त नाचक्की होते. जगदंबा प्रसाद शुक्ल यांच्या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निर्वाह भत्ता ही मेहेरबानी नसून हक्क आहे. मागायचं ते एवढंच, की दुसरीकडे नोकरीधंदा करत नाही असं लेखी प्रमाणपत्र. तो गावाबाहेर जाणार असेल तर पत्ता आणि फोन कळवायला सांगणं रास्त, रोजची हजेरी मात्र नाही.

मानहानीचे असे छोटे मार्ग आणखीही आहेत. नोटीस बोर्डावर नाव, सुरक्षारक्षकांसोबत दारापर्यंत मिरवणूक, कुणाशीही बोलू नकोस असा सरसकट हुकूम. त्याला साक्षीदार शोधायचे असतात, चौकशीत सोबत येणारा सहकारी ठरवायचा असतो, म्हणून बंदी नेमकी हवी. तक्रार करणाऱ्याशी आणि नाव दिलेल्या साक्षीदारांशी प्रकरणाबद्दल बोलायचं नाही, एवढीच. ब्रिटनच्या न्यायालयांनीही २००७ च्या मेझी खटल्यात म्हटलं, की निलंबन ही पूर्ण तटस्थ कृती नसतेच, माणसाच्या कार्यक्षमतेवर तिची सावली पडतेच. ती सावली शक्य तेवढी लहान ठेवणं मालकाच्या हातात असतं.

गैरसमज: पत्रात कारण लिहिलं की कबुली होते, म्हणून तोंडीच सांगावं.

‘उद्यापासून येऊ नको’ हे निलंबन नव्हे, आणि कंत्राटी कामगाराचा गेटपास गुपचूप बंद करणं हेही नव्हे. कोर्टात ते नोकरीवरून काढल्यासारखं दिसतं. जुन्या नमुना स्थायी आदेशांत निलंबन लेखी असावं आणि कारणांचं सविस्तर निवेदन आठवड्याच्या आत द्यावं, असं होतं. पत्राची भाषा त्याला वाचता येणारी हवी. बाजव्यात ती बहुधा गुजरातीच. आपल्या कारकुनाला लिहायचं ते असं: ‘अमुक तारखेच्या मोजणीत चाळीस गोण्या कमी आढळल्या. याची चौकशी करायची आहे. साठ्याच्या नोंदींशी तुमचा संबंध असल्याने चौकशी पूर्ण होईपर्यंत तुम्हाला कामापासून दूर ठेवण्यात येत आहे. हा दोषसिद्धीचा निर्णय नाही.’ ‘चोरी केल्यामुळे’ हा शब्दप्रयोग आला की निकाल आधीच लागला. जुन्या नमुन्यात दोष सिद्ध झाल्यावर शिक्षा म्हणून निलंबनही होतं, पण एका वेळी चार दिवसांपुरतं. दोन्ही निलंबनांचं नाव एक असलं तरी चौकशीतलं निलंबन वेगळं, आणि पत्राच्या मजकुरातून ते कळलं पाहिजे.

स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीत गोष्ट थोडी निराळी आहे. २०१३ च्या कायद्याखाली तक्रारदार स्त्रीने लेखी मागितलं तर अंतर्गत समिती तिची किंवा आरोपीची दुसऱ्या जागी बदली सुचवू शकते, आणि तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा तिला मिळू शकते. ‘आरोपीला आपोआप सक्तीची रजा’ हा नियम त्यात नाही. तो मालकाच्या नेहमीच्या नियमांतूनच येतो. आरोपीने तिच्या कामाचा अहवाल लिहू नये, ही तरतूद मात्र फार उपयोगी असते.

गैरसमज: एकदा निलंबन केलं की चौकशी संपेपर्यंत ते चालूच राहतं.

कारण संपलं की निलंबनही संपायला हवं. साक्षी नोंदवल्या गेल्या, कागद सुरक्षित झाले, तर विसाव्या दिवशीही माणसाला परत बोलावता येतं, दुसऱ्या विभागात का होईना. परत बोलावणं म्हणजे आरोप मागे घेणं नव्हे. सरकारी नोकरांबाबत अजयकुमार चौधरी यांच्या २०१५ च्या निकालात तीन महिन्यांत आरोपपत्र न दिल्यास निलंबन पुढे चालवू नये, आणि दिल्यास सकारण आदेशाने वाढवावं, असं म्हटलं आहे. खासगी कारखान्यालाही महिन्यातून एकदा ‘अजून कशासाठी?’ असं कागदावर लिहून पाहायला हरकत नाही.

आता आपल्या कारकुनाचा हिशेब. कारखाना मोठा आहे, अधिकार लिहिलेला आहे, आणि चौकशी मालकाच्या बाजूने रेंगाळून पाच महिने चालली. पहिले तीन महिने ९,००० प्रमाणे २७,००० रुपये मिळाले, पुढचे दोन महिने १३,५०० प्रमाणे पुन्हा २७,०००. एकूण ५४,०००. पाच महिन्यांचा पगार ९०,००० झाला असता. शेवटी मोजणीत असं निघालं, की गोण्या दुसऱ्या गोदामात उतरवल्या होत्या आणि चलनावर जुना क्रमांक पडला होता. म्हणजे तो निर्दोष. जुन्या नमुना आदेशांप्रमाणे अशा माणसाला सगळा काळ कामावर होता असंच धरायचं, म्हणून उरलेले ३६,००० रुपये त्याला द्यायचे, आणि मधली वार्षिक पगारवाढ, बोनस, ज्येष्ठता यांत खंड पाडायचा नाही. निलंबनपत्राच्या प्रतीखाली निकालाची प्रत लावायची आणि दोन्ही त्याच्या फाइलमध्ये ठेवायच्या, कारण पाच वर्षांनी बढतीच्या वेळी फाइल उघडणाऱ्याच्या हाती फक्त पहिलं पत्र लागलं तर चौकशीत सुटलेला माणूस तिथे अडकतो.