वाकडा टीव्ही, दिवाण आणि समोरचं दार

मागच्या आठवड्यात मंगरुळपीरहून मावशीचा फोन आला. ओळखीतले एक जण बदली होऊन चाललेत, त्यांचा ५५ इंची कर्व्ह्ड टीव्ही अगदी कमी किमतीत देतायत. "वाकडा हाय म्हणून स्वस्त देऊन राह्यले काय? का खरंच चांगला असते तो?" प्रकाशावर पीएचडी करतो म्हटल्यावर असे प्रश्न माझ्याकडे येणारच. पण मला लगेच उत्तर देता आलं नाही. कागद घेऊन बसावं लागलं.

तुम्हीही ही खोली डोळ्यासमोर आणा. आपल्याकडे खूप घरांत अशीच असते. बारा बाय बाराची बैठक. एका भिंतीवर टीव्ही, बरोबर त्याच्या समोरच्या भिंतीत घराचं मुख्य दार. मध्ये, टीव्हीपासून दहा फुटांवर काकांची खुर्ची. उजव्या भिंतीला दिवाण, त्यावर मावशी आणि दोन मुलं. मॅच असली की शेजारचेही येतात, ते सतरंजीवर.

आधी वाक किती असतो ते बघू. २०१३ मध्ये सॅमसंग आणि एलजी या दोघांनीही ५५ इंची वक्र ओएलईडी टीव्ही विकायला काढले आणि पुढची काही वर्षं तो फॅशनचा भाग झाला. अशा टीव्हींवर बऱ्याचदा '4200R' असा आकडा दिसतो. म्हणजे हा पडदा ४२०० मिलिमीटर, अर्थात ४.२ मीटर त्रिज्येच्या मोठ्या वर्तुळाचा छोटासा तुकडा आहे. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्या दोन कडांना दोरा ताणून धरला आणि मधोमध दोऱ्यापासून काचेपर्यंतचं अंतर मोजलं, तर ते फक्त साडेचार सेंटिमीटरच्या आसपास भरेल. एवढंच. कडा आतल्या बाजूला साधारण आठ अंशांनी वळलेल्या असतात.

या साडेचार सेंटिमीटरसाठी जाहिरातीत कारण असं दिलं जायचं की पडद्याचा प्रत्येक भाग डोळ्यापासून सारख्याच अंतरावर येतो. आता बघा, ते पूर्ण खरं व्हायला तुम्हाला वर्तुळाच्या केंद्रात बसावं लागेल, म्हणजे चौदा फुटांवर. मावशीची खोलीच बारा फुटांची! आणि सपाट टीव्हीत तरी काय बिघडतं? दहा फुटांवरून मध्यभाग ३०५ सेंटिमीटरवर, कडा ३११ वर. सहा सेंटिमीटरचा फरक. तीन मीटर अंतरावर एवढ्यासाठी डोळ्याला फोकस बदलावाच लागत नाही. हा मुद्दा मी तिथेच सोडला.

'चित्र आपल्याभोवती गुंडाळलं जातं' हा दुसरा दावा. तो सिनेरामासारख्या पडद्याला शोभतो. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या त्या पद्धतीत तीन प्रोजेक्टर लागायचे आणि पडदा १४६ अंशांचा असायचा. दहा फुटांवरचा ५५ इंची टीव्ही तुमच्या नजरेतला जेमतेम २३ अंशांचा भाग व्यापतो. टेबलावर हातभर अंतरावर ठेवलेल्या रुंद मॉनिटरची गोष्ट वेगळी. तिथे एकच माणूस, तोही मधोमध आणि जवळ. तिथे वाक कामाचा आहे.

आता दिवाण. बाजूने बघितल्यावर रंग फिके पडतात, ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. एलसीडीमध्ये, विशेषतः व्हीए प्रकारच्या पॅनेलमध्ये, तिरपं बघितलं की काळा रंग राखाडी दिसायला लागतो. मावशी मध्यरेषेपासून पाच फूट बाजूला आणि पडद्यापासून सात फुटांवर बसते असं धरून मी कोन काढले. सपाट पडद्याची जवळची कड ती २३ अंशांतून बघते आणि लांबची ४५ अंशांतून. वक्र पडद्यात जवळची कड ३२ आणि लांबची ३७. लांबची बाजू तिच्याकडे वळली म्हणून सुधारली, जवळची तिच्यापासून वळली म्हणून बिघडली. सरासरी दोन्हीकडे जवळपास तीच! वाकामुळे तिरपेपणा कमी झाला नाही, फक्त सगळीकडे सारखा वाटला गेला. म्हणून दिवाणावरच्यांसाठी वाकापेक्षा पॅनेल कोणतं हे जास्त महत्त्वाचं. ते ओळखायला रात्रीचा, अंधाऱ्या दृश्याचा सीन लावा आणि समोरून उठून दिवाणावर जाऊन बसा. काळं राखाडी झालं की समजा.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती मलाही अपेक्षित नव्हती. बंद टीव्ही हा एक आरसा असतो. सपाट टीव्ही सपाट आरसा, वक्र टीव्ही आडव्या दिशेने अंतर्गोल आरसा. दाढी करायचा गोल आरसा आठवा, चेहरा मोठा दिसतो. इथे मोठेपणा फक्त रुंदीत येतो. काकांच्या खुर्चीतून सपाट ५५ इंची पडद्यात मागच्या भिंतीचा जवळजवळ नऊ फुटांचा पट्टा दिसतो. तीन फुटांचं दार असेल तर पडद्याच्या साधारण एक तृतीयांश रुंदीवर उजेडाची चौकट पडते. वक्र पडद्यात मात्र त्याच खुर्चीतून मागच्या भिंतीचा फक्त ५६ सेंटिमीटरचा, दोन फुटांहूनही कमी पट्टा दिसतो. तोच ताणला जाऊन पूर्ण पडदा भरतो.

म्हणजे काय, ते नीट लक्षात घ्या. त्या दोन फुटांत रंगवलेली साधी भिंत असेल तर खोलीतल्या बाजूच्या खिडक्या काकांना पडद्यात दिसणारच नाहीत. वक्र टीव्ही इथे सपाटपेक्षा चक्क चांगला. पण त्या दोन फुटांत उघडं दार असेल तर या कडेपासून त्या कडेपर्यंत उजेडच उजेड, मध्ये काकांच्या डोक्याची रुंद सावली. ताणल्यामुळे प्रतिबिंब फिकं होतं असंही नाही, त्याची चकाकी तेवढीच राहते. रात्री काही फरक नाही. दुपारच्या मॅचला मात्र फलंदाज शोधावा लागेल.

"मग दार लावून घेऊ ना," मावशी म्हणाली. मी विचारलं, उन्हाळ्यात? तिच्या खिडकीत कूलर आहे. हवा बाहेर जायला दार उघडं नसलं की खोली दमट होते, हे तिनेच मला लहानपणी शिकवलंय. ती हसली.

तुमच्याकडे अशी ऑफर आली तर वक्र टीव्ही घरी आणून बघायची गरज नाही. आत्ता जो सपाट टीव्ही आहे, कोणत्याही आकाराचा, तो दुपारी बंद करा. नेहमीच्या मधल्या जागेवर बसा. काळ्या काचेच्या मधोमध एक वीतभर रुंदीत काय दिसतं ते बघा. मागची भिंत साधारण मावशीच्या घरातल्याएवढ्याच अंतरावर असेल तर ते वीतभर दृश्यच ५५ इंची वक्र पडदा भरून टाकेल. मावशीने आपल्या जुन्या ३२ इंची टीव्हीसमोर, काकांना उठवून, हे करून पाहिलं. वीतभरात दारच होतं. अंगणातला निंबसुद्धा दिसला म्हणे. टीव्ही दुसऱ्या भिंतीवर हलवायचा तर एकीकडे देवघर, दुसरीकडे कूलरची खिडकी. तिने त्या ओळखीच्यांना नाही म्हणून कळवलं.