इसबगोलाच्या भुसीचे सेवन

'''इसबगोलाची भुसी''' म्हणजे ''प्लँटॅगो ओव्हाटा'' या वनस्पतीच्या बियांवरील पातळ, पांढरट टरफल होय. बाजारात ती 'सत इसबगोल' या नावानेही मिळते. 'इसबगोल' हा शब्द फारसी भाषेतून आला असून बीच्या आकारावरून त्याचा अर्थ 'घोड्याचा कान' असा सांगितला जातो. भारतात गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेश या राज्यांत या पिकाची लागवड होते. बद्धकोष्ठतेवर ही भुसी घरोघरी वापरली जाते. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि इतर औषधांपासून किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, असे दोन नियम तिच्या सेवनाबाबत पाळले जातात. हे नियम वेगवेगळे दिसत असले, तरी दोहोंचे मूळ भुसीच्या एकाच गुणधर्मात आहे.

== गुणधर्म ==

भुसीतील तंतुमय पदार्थ पाणी शोषून स्वतःच्या आकाराच्या कितीतरी पट फुगतो आणि त्याचा घट्ट, बुळबुळीत गोळा बनतो. चमचाभर भुसी पेल्यातील पाण्यात ढवळून काही मिनिटे ठेवल्यास पाणी दाट होत गेलेले दिसते. हा पदार्थ लहान आतड्यात पचत नाही आणि मोठ्या आतड्यातही त्याचा बराचसा भाग टिकून राहतो. त्याने धरून ठेवलेल्या पाण्यामुळे मल मऊ व भरीव होतो आणि आतड्याच्या हालचालीस चालना मिळते. म्हणजे येथे औषधाचे काम प्रत्यक्षात पाणी करते. भुसी ते केवळ धरून ठेवते. परिणाम दिसण्यास साधारणपणे 12 ते 72 तास लागतात.

== पाण्याचे प्रमाण ==

भुसी फुगण्याची क्रिया पोटात पोहोचल्यावरच सुरू होते असे नाही. पाणी अपुरे असल्यास ती घशात किंवा अन्ननलिकेत लाळ व ओलावा शोषून तेथेच फुगते आणि मार्ग बंद करू शकते. कोरडी भुसी तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणे यासाठीच धोक्याचे आहे. या कारणाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1993 साली अशा उत्पादनांच्या वेष्टनावर गुदमरण्याच्या धोक्याची सूचना छापणे बंधनकारक केले.

युरोपीय मार्गदर्शनानुसार दर एक ग्रॅम भुसीसाठी किमान 30 मिलिलिटर पाणी हवे. भुसीची नेहमीची एक मात्रा सुमारे साडेतीन ग्रॅम धरली, तर हे पाणी 105 मिलिलिटर, म्हणजे सुमारे अर्धा पेला होते. परंतु ही किमान मर्यादा आहे. व्यवहारात प्रत्येक मात्रेस सुमारे 240 मिलिलिटरचा पूर्ण पेला पाणी घेण्याचा सल्ला दिला जातो. भुसी वजनाला अतिशय हलकी असल्याने तिचा मोठा चमचा भरून घेतल्यास अंदाज चुकतो. म्हणून पाकिटावरील माप पाळणे इष्ट.

भुसी पेलाभर पाण्यात ढवळून ताबडतोब प्यावी. ती घट्ट होऊ दिल्यास गिळणे कठीण जाते. त्यानंतर आणखी थोडे पाणी घ्यावे. भुसीच्या कॅप्सूललाही हाच नियम लागू आहे. जुलाबावर भुसी दह्यात कालवून घेण्याची पद्धत आहे. दही हा पाण्याला पर्याय नसल्याने त्यानंतरही पाणी पिणे आवश्यक ठरते. दिवसभरात पाणी कमी प्यायल्यास तीच भुसी आतड्यात घट्ट होऊन बद्धकोष्ठता वाढवू शकते. प्रमाण एकदम न वाढवता काही दिवसांत हळूहळू वाढवल्यास पोट फुगण्याचा त्रासही कमी होतो.

== इतर औषधांपासून अंतर ==

तोंडाने घेतलेली बहुतेक औषधे जठरात विरघळून मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात शोषली जातात. त्याच वेळी तेथे भुसीचा दाट गोळा असल्यास औषध त्यात अडकून राहते. त्याचे शोषण मंदावते किंवा कमी होते. गोळी पोटात गेलेली असते, पण अपेक्षित प्रमाणात रक्तात पोहोचत नाही. हे बाहेरून जाणवत नसल्याने अधिक फसवे ठरते. थायरॉइडची गोळी नियमित घेऊनही टीएसएच वाढत जाणे, हे त्याचे एक लक्षण असू शकते. अशा वेळी मात्रा वाढवण्यापूर्वी भुसी केव्हा घेतली जाते, हे डॉक्टरांना सांगणे उपयुक्त ठरते.

औषधाच्या आधी किंवा नंतर दोन तासांचे अंतर ठेवण्याचा नियम यासाठीच आहे. थायरॉइडचे हार्मोन, लिथियम, कार्बामाझेपिन, डिगॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी औषधे, तसेच लोह व कॅल्शियमच्या गोळ्या यांबाबत विशेष दक्षता घेतली जाते. थायरॉइडच्या गोळीसाठी दोन तासांहून अधिक अंतर राखणे श्रेयस्कर. भुसीमुळे जेवणातील साखरही सावकाश शोषली जाते. त्यामुळे मधुमेहाच्या औषधांची, विशेषतः इन्सुलिनची, मात्रा डॉक्टरांना बदलावी लागू शकते.

== एक उदाहरण ==

एक ज्येष्ठ व्यक्ती सकाळी 6 वाजता उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, 8 वाजता न्याहारीबरोबर रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या, दुपारी दीड वाजता जेवणानंतर कॅल्शियम आणि रात्री 8 वाजता जेवणाबरोबर मधुमेहाची दुसरी गोळी घेते, असे मानू. प्रचलित सवयीप्रमाणे रात्री 9 वाजता, झोपण्यापूर्वी, भुसी घेतल्यास रात्रीच्या गोळीपासून एकच तासाचे अंतर राहते. शिवाय भुसी घेऊन लगेच आडवे होणे हिताचे नसते. युरोपीय मार्गदर्शनातही झोपण्याच्या अगदी आधी ती न घेण्याची सूचना आहे.

याऐवजी सकाळी 11 वाजता भुसी घेतल्यास थायरॉइडच्या गोळीपासून पाच तास, न्याहारीच्या गोळ्यांपासून तीन तास आणि पुढील कॅल्शियमपासून अडीच तास मिळतात. दुसरी मात्रा हवी असल्यास सायंकाळी 5 वाजताची वेळ योग्य ठरते. परिणाम दिसण्यास निदान अर्धा दिवस लागत असल्यामुळे 'सकाळी पोट साफ व्हावे' म्हणून भुसी रात्रीच घेण्याची आवश्यकता नसते.

== मर्यादा व धोक्याची लक्षणे ==

गिळण्यास त्रास असणाऱ्यांनी, अन्ननलिका वा आतडे अरुंद झालेल्यांनी आणि आतड्यात मलाचा खडा अडकलेल्यांनी भुसी घेऊ नये. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाणी पिण्यावर मर्यादा घातलेली आहे, त्यांना पहिला नियम पाळता येत नाही. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिचा वापर टाळावा. शौचातून रक्त पडत असल्यास किंवा शौचाच्या सवयीत अचानक झालेला बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास, भुसी घेण्याऐवजी आधी तपासणी करून घ्यावी.

भुसी घेतल्यावर छातीत दुखणे, उलटी होणे, गिळता न येणे किंवा श्वास घेण्यास त्रास होणे ही मार्ग अडल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी आणखी पाणी पाजून गोळा खाली ढकलण्याचा प्रयत्न करू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.