जुलैपर्यंतचा नफा कोणाचा?

पुण्यातल्या एका भागीदारी पेढीचा छत्र्या-रेनकोटांचा घाऊक धंदा आहे, असं समजा. भागीदारांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायचं ठरवलं. मार्चअखेरचा ताळेबंद तयारच होता, म्हणून करारात लिहिलं की धंदा १ एप्रिलपासून कंपनीचा. पण कंपनीचं इनकॉर्पोरेशन सर्टिफिकेट हाती पडलं १ ऑगस्टला. मधले चार महिने माल विकला गेला, पगार झाले, पैसे गल्ल्यात आले. हिशेबाची पुस्तकं मात्र वर्षभर एकच राहिली.

इथे कायदा आडवा येतो. सर्टिफिकेटवरच्या तारखेला कंपनी जन्मते, त्याआधी ती नसतेच. जी कंपनी नव्हती, तिने जुलैमध्ये नफा कमावला असं म्हणता येत नाही. करारामुळे तो नफा तिच्याकडे येतो खरा, पण धंद्याच्या खरेदीसोबत मिळालेली भांडवली रक्कम म्हणून. तो भांडवली राखीव निधीत जातो किंवा खरेदीत गुडविलसाठी मोजलेल्या रकमेतून वजा होतो. लाभांश म्हणून भागधारकांना वाटता येतो तो फक्त नोंदणीनंतरचा नफा. म्हणून वर्षाच्या नफ्याचे दोन भाग पाडावे लागतात.

सोपी वाट कॅलेंडरची. चार महिने आधीचे, आठ नंतरचे, म्हणजे प्रमाण १:२. भाडं, कार्यालयातले पगार, विमा असे दिवसांमागे चढणारे खर्च या काळाच्या प्रमाणात वाटणं रास्तच. (ऑक्टोबरपासून भाडं वाढलं असेल, तर वाढीव रक्कम मात्र पूर्णपणे नंतरच्या काळात टाकायची.)

ढोबळ नफा कॅलेंडर पाहून येत नाही, तो विक्रीमागे येतो. छत्र्यांचे दुकानदार पावसाआधी माल भरतात. या पेढीची मे आणि जूनची विक्री इतर कुठल्याही महिन्याच्या पाचपट आहे. साध्या महिन्याला एक भाग धरला, तर एप्रिल ते जुलै १+५+५+१ म्हणजे १२ भाग आणि उरलेल्या आठ महिन्यांचे ८. विक्रीचं प्रमाण झालं ३:२. काळाच्या प्रमाणात लहान असलेला पहिला कालखंड इथे मोठा ठरला.

आता आकडे. वर्षाचा ढोबळ नफा ३० लाख रुपये. ३:२ ने तो १८ लाख आणि १२ लाख असा विभागला. भाडं, पगार वगैरे ९ लाख काळाच्या प्रमाणात ३ आणि ६ लाख. विक्रीवरचं कमिशन आणि माल पोचवण्याचा खर्च मिळून ५ लाख, तो विक्रीमागेच होतो, म्हणून ३ आणि २ लाख. संचालकांची १ लाख फी आणि कंपनी स्थापनेचा ४० हजारांचा खर्च पूर्णपणे नंतरच्या रकान्यात, कारण कंपनीच नसेल तर संचालक कुठले?

एका खर्चाला मात्र दोन्ही प्रमाणं लागू पडत नाहीत. धंद्याच्या किमतीपोटी भागीदारांना २० लाख द्यायचे होते. ते १ ऑक्टोबरला दिले गेले आणि तोवर ९ टक्के व्याज ठरलं होतं. सहा महिन्यांचं व्याज ९० हजार. त्यातले चार महिने नोंदणीपूर्वीचे, म्हणून ६० हजार अलीकडे आणि ३० हजार पलीकडे. इथे १:२ लावलं की चूक झालीच, आणि परीक्षेतले विद्यार्थी हमखास तेच करतात.

बेरीज केली तर नोंदणीपूर्व नफा ११ लाख ४० हजार आणि नंतरचा २ लाख ३० हजार. एकूण १३ लाख ७० हजार रुपये सरसकट १:२ ने वाटले असते, तर नंतरचा नफा सुमारे ९ लाख १३ हजार दिसला असता. त्या भरवशावर लाभांश जाहीर झाला असता, तर त्यातला बराचसा पैसा पावसाळ्याआधीचा, म्हणजे वाटायची मुभाच नसलेला निघाला असता.

म्हणून महिनावार विक्री जीएसटीच्या विवरणपत्रांशी ताडून पाहणं आलं. तरीही या पद्धतीत एक गृहीतक दडलेलं आहे. विक्रीच्या प्रमाणात ढोबळ नफा वाटताना प्रत्येक रुपयाच्या विक्रीवर वर्षभर सारखाच नफा सुटला असं आपण धरतो. याच पेढीने हंगामानंतर उरलेला माल सवलतीत काढला असेल, तर नंतरच्या विक्रीवरचा नफा कमी आणि आधीच्यावरचा जास्त असणार. मग २ लाख ३० हजारांचा आकडाही फुगलेला ठरतो. कापडाचा खरेदीदर वर्षाच्या मध्यात बदलला, तरी गणित असंच हलतं.

यावर खात्रीचा उपाय एकच आहे, पण त्याला मेहनत लागते. १ ऑगस्टला गोदामातला माल मोजायचा आणि त्या दिवसापर्यंतचा नफा-तोटा स्वतंत्र काढायचा. हंगामी धंद्यात तो एक दिवस खर्ची घालणं परवडतं. बारमाही सारख्या खपाच्या किराणा दुकानाला त्याची फारशी गरज पडत नाही. तिथे दोन्ही प्रमाणं जवळजवळ एकच येतात. आणि पहिल्या कालखंडात नफ्याऐवजी तोटा निघाला, तर तो साधारणतः गुडविलमध्ये मिळवला जातो, कारण धंदा घ्यायला कंपनीला तेवढी जास्त किंमत पडलेली असते.